एक चालते, दोन चालत नाहीत? शिव्यांचा हिशोब आणि सिनेमाचं प्रमाणपत्र

संवादांच्या ट्रॅकवर काम करणाऱ्या माणसाला निर्माते एक प्रश्न हमखास विचारतात: "किती चालतात?" म्हणजे किती शिव्या ठेवल्या तर सिनेमाला 'यूए' मिळेल, आणि कितव्या शिवीला तो 'ए'मध्ये जाईल. अंधेरीच्या आमच्या स्टुडिओत हा प्रश्न घेऊन येणाऱ्याला बहुधा कुठूनतरी ऐकलेला एक आकडाही पाठ असतो. हॉलिवूडमध्ये म्हणे एकच चालते.

हे ऐकीव ज्ञान अर्धं खरं आहे. अमेरिकेत आकडा आहे आणि तो नियमात लिहिलेला आहे. पण त्याच नियमाच्या पुढच्या वाक्यात तो आकडा मोडायची सोयही करून ठेवली आहे. ब्रिटनमध्ये शब्दांच्या पायऱ्या आहेत. आपल्याकडे लेखी आकडा नाहीच. तरीही तिन्हीकडे परीक्षक शेवटी जवळजवळ तेच प्रश्न विचारतात: शब्द कोणी, कोणाला, कशासाठी आणि किती ठळकपणे उच्चारला?

अमेरिकेपासून सुरुवात करू, कारण मोजणीची सवय तिथली. तिथलं रेटिंग मंडळ सरकारी नाही. मोठ्या स्टुडिओंच्या संघटनेनं ते चालवलंय आणि सिनेमे बघणारे परीक्षक पालक असतात. त्यांना विचारायचं एवढंच, की बहुतेक अमेरिकन आईबापांना या सिनेमाबद्दल काय वाटेल? १९८४ साली त्यांनी 'पीजी' आणि 'आर' यांच्या मधे 'पीजी-१३' ही पायरी घातली. 'पीजी-१३' म्हणजे तेरा वर्षांखालच्या मुलांबाबत पालकांनी जास्त सावध राहावं, इतकंच. 'आर' असेल तर मात्र सतरा वर्षांखालच्या मुलाबरोबर मोठं माणूस लागतं. शाळकरी प्रेक्षकांवर धंदा चालणाऱ्या सिनेमाला ही रेघ फार महागात पडते, म्हणून सगळी भांडणं तिथेच होतात.

नियम असा आहे. लैंगिक अर्थातून आलेल्या जहाल शब्दांपैकी एखादा शब्द एकदाच आला, आणि तोही नुसता उद्गार म्हणून, तर सिनेमाला किमान 'पीजी-१३'. एकाहून जास्त वेळा आला तर 'आर'. आणि तोच शब्द त्याच्या मूळ लैंगिक अर्थानं वापरला असेल तर एकदाच आला तरी 'आर'. म्हणजे पायावर हातोडा पडल्यावर माणूस जे ओरडतो ते एकदा माफ. पण तोच माणूस मित्राला काल रात्रीची हकिगत सांगताना तो शब्द क्रियापद म्हणून वापरतो, तेव्हा माफी नाही. मोजणी सुरू व्हायच्या आधीच अर्थ तपासला गेला, हे इथे लक्षात घ्यायला हवं. शिवाय या मोजणीत सगळ्या शिव्या येत नाहीत. इंग्रजीतले मोजके, 'एफ'सारखे शब्दच येतात. बाकीच्या शिव्यांचा विचार एकूण भाषा किती खरखरीत आहे या अंगानं होतो.

आता पळवाट. दोनतृतीयांश परीक्षकांनी खास मतदान करून ठरवलं, की शब्द ज्या संदर्भात किंवा ज्या पद्धतीनं आलाय तो पाहता बहुतेक पालकांना 'पीजी-१३' चालेल, किंवा तो इतका ओझरता आहे की कोणाच्या कानावर ठसणार नाही, तर आकडा बाजूला ठेवता येतो. 'फिलोमिना' या २०१३च्या सिनेमाला अशा दोन शब्दांमुळे 'आर' मिळालं होतं. वितरकांनी अपील केलं आणि ते 'पीजी-१३' झालं, शब्द आहेत तिथेच राहिले.

पण पळवाट सगळ्यांना सापडत नाही. 'द किंग्ज स्पीच'चं उदाहरण नीट उलगडून बघण्यासारखं आहे. इंग्लंडचा राजा सहावा जॉर्ज तोतरा. त्याच्या वाचेवर उपचार करणाऱ्या ऑस्ट्रेलियन माणसाच्या ध्यानात येतं, की हा शिव्या देताना अडखळत नाही. मग तो त्याला मुद्दाम डिवचतो, 'शिव्या दे' म्हणतो, आणि राजा 'एफ' शब्दाची सरबत्तीच सुरू करतो. समोर शत्रू नाही, शिवी कोणालाही उद्देशून नाही, लैंगिक अर्थाचा मागमूस नाही. खोलीत दोन मध्यमवयीन गृहस्थ, आणि एकाची जीभ पहिल्यांदा मोकळी होतेय. अख्ख्या सिनेमात दुसरं काही आक्षेपार्ह म्हणावं असं नाही.

अमेरिकेत त्याला 'आर' मिळालं. मोजणी करणाऱ्यांच्या बाजूनं पाहिलं तर ते समजण्यासारखं आहे. नियम एकाचा, इथे तर रांग लागली होती, आणि ती ओझरती तर मुळीच नव्हती. प्रसंगाचा सगळा जोरच त्या शब्दांवर होता. ऑस्कर मिळाल्यानंतर, २०११च्या एप्रिलमध्ये, वितरकांनी काही शब्दांचा आवाज मारून वेगळी 'पीजी-१३' आवृत्ती काढली. मला विचाराल तर त्या आवृत्तीत प्रसंगाचा जीवच गेला. ज्या शब्दांमुळे तोतरेपणा सुटतो तेच गाळल्यावर राजा नक्की कशातून सुटला, हे प्रेक्षकानं ओळखायचं.

ब्रिटनमध्ये याच सिनेमाला २०१०च्या ऑक्टोबरात आधी '१५' मिळालं. तिथे '१५' म्हणजे खरोखरच दारावरची अडवणूक: चौदा वर्षांच्या मुलाला आईबरोबर आला तरी आत सोडत नाहीत. वितरकांनी दाद मागितली आणि मंडळानं ते '१२ए'वर आणलं, म्हणजे बारा वर्षांखालचं मूल मोठ्यांबरोबर बघू शकतं. एकही शब्द न कापता. सूचनेत मात्र लिहिलं, की वाचा-उपचाराच्या संदर्भात कडक भाषा आहे. मजकूर तोच आणि शब्दांची संख्याही तीच, पण अटलांटिकच्या दोन काठांवर दोन निकाल.

ब्रिटिश मंडळ शब्दांना आधी पायऱ्या लावतं: अगदी सौम्य, सौम्य, मध्यम, कडक आणि अतिकडक. 'एफ' शब्द कडकमध्ये, त्याच्या वर एकदोनच शब्द अतिकडक. मग प्रश्न येतात. शब्द कोणत्या पद्धतीनं वापरलाय, कोण वापरतंय, संपूर्ण सिनेमात किती वेळा येतो, आणि संदर्भ त्याची बाजू सावरतो का? संख्या इथेही आहे, पण चारातला एक प्रश्न म्हणून. उलटं वजनही पडतं: सौम्य शिवीसुद्धा दात-ओठ खाऊन किंवा सारखी सारखी दिली, तर सिनेमा वरच्या पायरीवर ढकलला जातो. २०२४ साली त्यांनी आपली नियमावली सुधारली. त्याआधी सुमारे १२,००० लोकांची मतं घेतली. त्यातून पुढे आलं, की बायकांना उद्देशून वापरले जाणारे, लैंगिक छटा असलेले काही शब्द आतापर्यंत खालच्या वयोगटात जरा सहज सुटत होते. आता त्यांच्याकडे कडक नजरेनं बघतात. शब्दांचं वजन असं काळाबरोबर हलतं. पक्की यादी करून भिंतीवर लावणाऱ्यांची इथेच पंचाईत होते.

आता आपल्या मुंबईत येऊ. केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचं मुख्यालय इथे पेडर रोडला आहे. इंडस्ट्रीत सगळे त्याला अजून 'सेन्सॉर'च म्हणतात. 'पिक्चर सेन्सॉरला गेलंय', 'सेन्सॉरचे कट आले' ही रोजची भाषा. कायदा १९५२चा, मार्गदर्शक तत्त्वं १९९१ची. २०२३ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि एका 'यूए'चे तीन झाले: यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+. 'यू' आणि 'ए' होते तसेच आहेत.

१९९१च्या तत्त्वांत शिव्यांचा आकडा नाही. आहेत ती अशी वाक्यं: अश्लीलतेनं, ग्राम्यतेनं माणसाच्या संवेदना दुखावू नयेत, हीन वृत्तींना चुचकारणारे द्वयर्थी शब्द नकोत, कोणत्याही समूहाचा तिरस्कार करणारे शब्द नकोत. आणि बघण्याची रीत सांगणारी दोन वाक्यं, जी संदर्भाचं काम करतात. पहिलं, सिनेमा तुकड्यातुकड्यानं जोखायचा नाही, संपूर्ण परिणाम बघायचा. दुसरं, तो ज्या काळात आणि ज्या लोकांत घडतो त्यांच्या उजेडात तपासायचा. कट कमी करून घ्यायचे असतील तेव्हा दिग्दर्शक याच दोन वाक्यांवर भिस्त ठेवून आत जातो.

सिनेमा आधी परीक्षण समिती बघते: सल्लागार मंडळातले सदस्य आणि बोर्डाचा अधिकारी. सिनेमाच्या भाषेची जाण असलेली माणसं बसवतात. प्रत्येकजण आपलं मत लेखी देतो, मग दिग्दर्शक-निर्मात्याला बोलावून बदल सांगतात. पटलं नाही तर पुनरीक्षण समिती. पूर्वी त्यावर एक न्यायाधिकरण होतं, ते २०२१ साली बंद झालं. आता पुढची पायरी थेट उच्च न्यायालय.

समजा, एक मराठी सिनेमा आलाय. १९८२च्या गिरणी संपातल्या लालबागची चाळ. निर्मात्याला यूए १६+ हवंय. त्यातल्या चार जागा बघू.

पहिली जागा. गॅलरीत पोरं कॅरम खेळताहेत, "आयला, क्वीन गेली!" मागून मालवणी काका "आवशीचो घो" म्हणत खोलीत शिरतात. हे कोणी लिहूनही घेत नाही. गिरणगावात कोकणातली माणसं होती, ती असंच बोलत. फक्त समितीतल्या सदस्याचा कान मालवणीला सरावलेला नसेल, तर एखादी भुवई वर जाऊ शकते. खोलीत कोण बसलंय यावर निकाल थोडा हलतो, आणि हा दोष पद्धतीतलाच आहे.

दुसरी जागा. गिरणीच्या गेटवर लाठीमार. पळणाऱ्या घोळक्यातून एक कामगार मागे वळून आईवरची जड शिवी हासडतो. एकदाच, गोंगाटात, कॅमेरा दूर. शिवी व्यवस्थेला आहे, माणसाला नाही. काळ आणि समाज दोन्ही शब्दाच्या बाजूनं उभे आहेत.

तिसरी जागा. तोच कामगार आठ महिन्यांनी दारू पिऊन घरी येतो आणि तीच शिवी बायकोला देतो. खोली शांत, चेहरा जवळून, दारात मुलगी. इथेही शिवी एकदाच. पण आता तिचं लक्ष्य पडद्यावर दिसतंय, दुबळं आहे, आणि एक मूल ऐकतंय. संख्येच्या तक्त्यात दुसरी आणि तिसरी जागा सारखी. परीक्षकाच्या वहीत तिसरीच्या पुढे खूण असते. दिग्दर्शक म्हणेल, मी या माणसाची बाजू घेत नाहीये, पुढचा अर्धा तास बायकोचाच आहे. हा युक्तिवाद खरा आहे आणि 'संपूर्ण परिणाम' या वाक्यात बसतोही. तरीही यूए १६+ हवं असेल तर इथे आवाज मारा, असं सुचवलं गेलं तर मला नवल वाटणार नाही.

चौथी जागा. मुकादम एका कामगाराला जातीचं नाव शिवीसारखं फेकतो. शब्द तसा 'घाण' नाही, अमेरिकेच्या मोजणीत तो येणारच नाही. आपल्याकडे मात्र सगळ्यात आधी यावर बोट ठेवलं जाईल, कारण इथे वयाचा प्रश्न मागे पडतो आणि समूहाच्या अवमानाचं तत्त्व लागू होतं. 'ए' घ्यायची तयारी दाखवली तरी हा शब्द सुटेलच असं नाही. जातीचा अन्याय दाखवणाऱ्या सिनेमातून त्या अन्यायाची भाषा गाळायची, ही मला आपल्या पद्धतीतली सर्वांत अवघड गाठ वाटते.

बदल सांगितला की काम आमच्याकडे येतं. कटलिस्टवर कोणत्या मिनिटाला, कोणत्या सेकंदाला, कोणता शब्द आणि त्याचं काय करायचं हे असतं: म्यूट करा, बदला किंवा काढा. नुसतं म्यूट करणं सोपं वाटतं, पण संवाद वेगळ्या ट्रॅकवर असेल तरच ते स्वच्छ होतं. लोकेशनवर घेतलेल्या आवाजात शिवीबरोबर मागची लोकलही गप्प होते आणि ते भोक प्रेक्षकाला शिवीपेक्षा मोठं ऐकू येतं. म्हणून त्या खोलीतली नुसती शांतता, मागचा आवाज, तिथे भरायचा. शब्द बदलायचा असेल तर ओठ बघायचे. प, फ, ब, भ, म उच्चारताना ओठ मिटतात, त्यामुळे 'भ'नं सुरू होणाऱ्या शिवीवर 'ब' किंवा 'म'सारख्या ओठ मिटणाऱ्या अक्षरानं सुरू होणाराच शब्द बसतो. 'गाढवा' बसवलात तर जवळच्या शॉटमध्ये लगेच कळतं. मग नटाला पुन्हा डबिंगला बोलवा, तारखा जुळवा. फसगत नेहमी दोन ठिकाणी होते. मधल्या स्पीकरमधून शब्द गेला, पण त्याची गूंज बाजूच्या स्पीकरांत तशीच राहिली. आणि आवाज मारला, पण खालच्या इंग्रजी सबटायटलमध्ये शिवी छापलेली. बदललेली आवृत्ती पुन्हा बोर्डाकडे तपासून घ्यावी लागते, त्यामुळे अशी चूक म्हणजे आणखी एक फेरी.

इथे एक जुना वाद येतो. प्रमाणपत्र 'ए' म्हणजे प्रौढांसाठी असेल, तर शिव्या गाळायच्या कशाला? आपलं मंडळ 'ए' देऊनही शब्द गाळायला सांगत आलंय, आणि फरक नेमका इथे आहे: बाहेर शब्द मोजून वय ठरवतात, आपल्याकडे वय ठरवूनही शब्द कमी करतात. 'बँडिट क्वीन'च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९९६ साली यावर सरळ बोलून टाकलं होतं. रोज कानावर पडणाऱ्या शिव्या सिनेमात आल्या म्हणून कोणा प्रौढाला त्या द्यायचा मोह होणार नाही, असा त्याचा आशय. तरी २०१५च्या फेब्रुवारीत मंडळातून नको असलेल्या शब्दांची यादीच निघाली. मंडळाच्या काही सदस्यांनीच तिला विरोध केला आणि ती बाजूला ठेवावी लागली. पुढच्या वर्षी 'उडता पंजाब'ला पुनरीक्षण समितीनं तेरा बदल सांगितले, त्यात शिव्या काढणंही होतं. १३ जून २०१६ला मुंबई उच्च न्यायालयानं एक कट आणि सुधारित निवेदन एवढंच ठेवलं. सिनेमा 'ए' घेऊन, शिव्यांसकट लागला.

मग निर्माते 'ए' घेऊन मोकळे का होत नाहीत? कारण 'ए' हाच एक खरा दरवाजा आहे. अठराच्या आतल्याला थिएटरवाल्यानं आत सोडायचं नसतं. यूएच्या तीन पायऱ्या पालकांना सांगण्यासाठी आहेत. यूए १६+ लिहिलेल्या सिनेमाला दहा वर्षांचं मूल घेऊन आईबाप आले, तर तिकीट फाडणारा त्यांना अडवू शकत नाही. त्यात टीव्हीचा मामला वेगळा: 'ए' सिनेमा आहे तसा वाहिनीवर दाखवता येत नाही, त्यामुळे प्रक्षेपण हक्कांचे पैसे अडकतात. २०२३च्या दुरुस्तीनं टीव्हीसाठी बदल करून वेगळं प्रमाणपत्र घ्यायची वाट कायद्यात आली. म्हणजे थिएटरला शिव्यांसकट 'ए' आणि टीव्हीला म्यूट केलेली आवृत्ती, असं करता येतं. ओटीटीवर तर बोर्डाचा संबंधच नाही. २०२१च्या नियमांनुसार प्लॅटफॉर्म स्वतःच वयाची पाटी लावतो.

त्यामुळे "किती चालतात?" विचारणाऱ्याला मी आता उलट विचारतो, की तिसऱ्या जागेसारखी जागा तुझ्या सिनेमात आहे का? असेल, तर शूटिंगलाच तो संवाद दोन प्रकारे घेऊन ठेव: एकदा शिवीसकट, एकदा दुसरा शब्द वापरून. नट तिथेच असतो, मूडमध्ये असतो, मागची लोकलही तीच असते. सहा महिन्यांनी डबिंगच्या खोलीत ते सगळं परत उभं करायला फार खर्च येतो.